पेटी गेली, खातं राहिलं

चोर टीव्हीखालचा प्लेस्टेशन उचलून नेतो तेव्हा घरातून दोन गोष्टी गेलेल्या असतात. एक म्हणजे पन्नास-पंचावन्न हजारांची पेटी. दुसरं म्हणजे तिच्यात उघडंच राहिलेलं खातं. वर्षानुवर्षं विकत घेतलेले गेम, वॉलेटमधले पैसे, जोडलेलं कार्ड, मित्रांची यादी आणि शंभर-शंभर तासांची खेळातली प्रगती, सगळं त्या खात्यात असतं. चोरी एकच असली तरी या दोन गोष्टींचे उपाय अगदी वेगळे आहेत. खातं आपलं आपल्याला, हातातल्या फोनवरून, अर्ध्या तासात वाचवता येतं. पेटी मात्र दूर बसून बंद करता येत नाही, कुलूपबंद करता येत नाही आणि नकाशावर शोधताही येत नाही. ती परत मिळण्याची वाट सिरीयल नंबर आणि पोलिसांच्या कागदातून जाते.

गोंधळ होतो तो इथेच. आयफोनला जसं दुरून कुलूप लागतं तसं कन्सोललाही लागत असेल, असं समजून लोक पहिला दिवस कस्टमर केअरला फोन करण्यात घालवतात. खातं तोवर चोराच्या हातात उघडं असतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जातात ते नंबर न घेता. म्हणून एक उदाहरण घेऊन क्रम नीट बघू.

समजा, पुण्यात धनकवडीतल्या एका फ्लॅटमध्ये तीन विद्यार्थी राहतात. दिवाळीच्या सुट्टीला तिघंही गावी गेले. रविवारी रात्री आठला एक जण परतला, तर दाराचा कोयंडा तोडलेला. प्लेस्टेशन ५, त्याचे दोन कंट्रोलर आणि गेमच्या तीन डिस्क गायब. कन्सोल याच मुलाचा. २०२४ च्या जूनमध्ये ५४,९९० रुपयांना घेतलेला, डिस्क ड्राइव्हचा स्लिम. पेटी सुरू केली की थेट त्याच्या नावाने उघडायची, कारण पासकोड ठेवलेला नव्हता. वॉलेटमध्ये तीन हजार रुपये होते आणि आईचं क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं.

त्याने आधी करायचं ते कुठल्याही घरफोडीत करायचं तेच. दाराला, कोयंड्याला, विसकटलेल्या कपाटाला हात न लावता ११२ ला फोन करायचा. पोलीस येईपर्यंतचा वेळ मात्र वाया घालवायचा नाही. तो वेळ खात्याचा.

पोलीस येईपर्यंत

पहिलं काम इतकं छोटं आहे की बहुतेक जण ते विसरतात. फोनवरच्या प्लेस्टेशन अॅपमध्ये आपल्याच खात्याची अलीकडची हालचाल बघायची. आपण गावी असताना खातं ऑनलाइन आलं होतं का? एखादा गेम उघडला गेला का? एखादी ट्रॉफी मिळाली का? ट्रॉफीसोबत ती मिळाल्याची तारीख आणि वेळ नोंदली जाते. शनिवारी दुपारी अडीचला एखादी ट्रॉफी मिळालेली दिसली, तर पेटी कुणीतरी वापरली आणि इंटरनेटला जोडली होती, याचा तो पुरावा आहे. चोरी शनिवारी दुपारच्या आधी झाली, हेही त्यातून कळतं. स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. दोन मिनिटांचं काम.

त्यानंतर पासवर्ड. पण सोनीचा पासवर्ड बदलण्याआधी ज्या ईमेलवर हे खातं आहे तो ईमेल सुरक्षित आहे ना, हे बघायचं. घरफोडीत लॅपटॉप किंवा जुना फोनही गेला असेल आणि त्यात ईमेल उघडाच असेल, तर नवा पासवर्ड पुन्हा बदलून घेणं चोराला फार अवघड नाही. ईमेल आपल्याच ताब्यात आहे अशी खात्री झाली की प्लेस्टेशनच्या वेबसाइटवर खात्यात शिरून Security या भागात जायचं आणि पासवर्ड बदलायचा. त्याच भागात Sign Out on All Devices हा पर्याय आहे. तो दाबला की जिथे जिथे हे खातं उघडं आहे तिथून ते बाहेर पडतं. आपल्या फोनवरूनही पडतं, त्याने गडबडून जायचं कारण नाही. नवा पासवर्ड टाकून आपण परत आत येतो, चोर येऊ शकत नाही. लगेच तिथेच दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, म्हणजे पुढे पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी आपल्या फोनवर येणाऱ्या कोडशिवाय दार उघडणार नाही. मिळालेले बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवायचे.

आता तिसरी पायरी, जी पहिल्या दोन पायऱ्यांनी पूर्ण होत नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये Console Sharing and Offline Play नावाची सोय असते. एका खात्याला ती एकाच पेटीवर चालू ठेवता येते आणि साधारणपणे आपल्या घरच्या पेटीवर ती चालूच असते. तिच्यामुळे त्या पेटीवर दुसऱ्या कुणाच्याही नावाने आपले डिजिटल गेम खेळता येतात, इंटरनेट नसतानाही. घरात भावंडांसाठी ही सोय छान असते. पेटी चोरीला गेली की तीच सोय चोराच्या कामाची. खात्यातून बाहेर पडणं वेगळं आणि हा परवाना काढून घेणं वेगळं. त्यासाठी वेबसाइटवर Device Management मध्ये जाऊन पेटी Deactivate करावी लागते. पेटी हातात नसताना, दुरून हे करण्याची मुभा सहा महिन्यांतून एकदाच मिळते. म्हणून सहज गंमत म्हणून किंवा मित्राच्या पेटीसाठी ती आधीच वापरून टाकलेली असेल, तर सोनीच्या ग्राहक सेवेशी बोलण्यावाचून इलाज राहत नाही.

या सगळ्याची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. आपण दिलेली आज्ञा पेटीला इंटरनेटवरून मिळते. चोराने किंवा त्याच्याकडून घेणाऱ्याने पेटी कधी जोडलीच नाही, तर पडद्यावर आपलं नाव आणि आत उतरवलेले गेम तसेच राहतील आणि तो ऑफलाइन खेळत बसेल. त्यात आपलं नवं नुकसान काही नाही. वॉलेट, दुकान, संदेश, मित्र हे सगळं ऑनलाइनच चालतं आणि ती दारं बंद झालेली असतात. पेटी ज्या क्षणी नेटला लागेल त्या क्षणी उरलेलंही बंद होईल.

एक सल्ला मित्रमंडळींकडून हमखास येतो: खातं थोडे दिवस उघडंच ठेव, चोर काय करतो ते बघू, मग सापडेल. हा मोह टाळावा. चोराच्या हालचालीतून आपल्याला फार तर खेळाचं नाव आणि वेळ कळते. पेटी कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आली होती हे आपल्याला दिसत नाही. ते कंपनीकडच्या नोंदींत असतं आणि आपण खातं बंद केलं म्हणून आधीच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. उलट खातं उघडं ठेवल्यावर त्याने आपल्या नावाने कुणाला शिव्या घातल्या किंवा खेळात फसवेगिरी केली, तर बंदी आपल्या खात्यावर येते.

खातं लवकर बंद करण्याचं आणखी एक कारण म्हणजे खेळातली प्रगती. प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व असेल तर ती आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर साठत जाते आणि नवी पेटी घेतल्यावर परत उतरवता येते. पण चोर आपल्याच नावाने खेळत राहिला, तर त्याची नवी नोंद आपल्या जुन्या नोंदीवर चढण्याचा धोका असतो. सदस्यत्व नसेल तर मात्र प्लेस्टेशन ५ च्या गेमची प्रगती पेटीसोबतच गेली असं धरून चालावं, कारण एखाद्या गेमची प्रगती तेवढीच वेगळी पेनड्राइव्हवर काढून ठेवण्याची सोय या पेटीत नाही.

पैसे

मग व्यवहारांची यादी उघडायची. वॉलेटमधले पैसे हा सगळ्यात कच्चा दुवा. त्यातून खरेदी करताना बँकेचा ओटीपी लागत नाही, कारण ते पैसे आधीच दुकानात जमा झालेले असतात. खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सेटिंग असते, पण बहुतेकांनी ती बंद ठेवलेली असते. धनकवडीच्या मुलाच्या यादीत शनिवारी दुपारी २,९९९ रुपयांची एक खरेदी दिसली असं समजू. तिचा स्क्रीनशॉट काढायचा, सोनीच्या ग्राहक सेवेला कळवायचं आणि ही रक्कम पोलिसांच्या फिर्यादीतही लिहून घ्यायची. ट्रॉफीप्रमाणेच पेटी नेटला लागली होती याचा हा दुसरा पुरावा.

कार्डावरून काही गेलं असेल तर बँकेला फोन करून कार्ड बंद करायचं आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायची. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. कळवण्याआधीच्या व्यवहारांत मात्र ग्राहकाचा निष्काळजीपणा होता का, हे बघितलं जातं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचे. काही गेलं नसेल तरी कार्ड खात्यातून काढून टाकायचं.

ज्यांच्याकडे एक्सबॉक्स आहे त्यांनी इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सगळीकडून बाहेर पडण्याचा पर्याय आहे, पण तो एक्सबॉक्स कन्सोलला लागू होत नाही. तिथे पासवर्ड बदलणं हाच खरा उपाय. दुसरी गोष्ट अशी की account.microsoft.com/devices या पानावर आपल्या कन्सोलची नोंद असते आणि तिथे सिरीयल नंबरही दिसतो. घाईघाईत पेटी त्या यादीतून काढून टाकली, तर नंबर बघण्याची सोयही हातची जाते. आधी नंबर उतरवायचा, मग पेटी काढायची.

नंबर कुठे असतो

आता पेटी. सेफ मोडमध्ये सुरू करून प्लेस्टेशन ५ पूर्ण पुसता येतो आणि त्यासाठी जुन्या मालकाचा पासवर्ड लागत नाही. पाच-दहा मिनिटांत पेटी दुकानातून नुकती आणल्यासारखी कोरी होते. आपलं नाव, गेम, चित्रं, सगळं जातं. राहतो तो फक्त कारखान्यात बसवलेला सिरीयल नंबर. सापडलेली पेटी आपलीच आहे हे सांगणारी तेवढीच एक खूण उरते.

हा नंबर पेटीच्या मागच्या किंवा खालच्या बाजूच्या लेबलवर असतो, खोक्यावर बारकोडजवळ असतो आणि पडद्यावर सेटिंगमध्ये System, मग System Software, मग Console Information असं गेलं की दिसतो. पेटी गेल्यावर यातलं पहिलं आणि तिसरं ठिकाण गेलं. म्हणून आधी माळ्यावर किंवा पलंगाखाली खोकं शोधायचं. ते रद्दीत गेलं असेल तर बिल. इलेक्ट्रॉनिक्सची बरीचशी दुकानं बिलावर सिरीयल नंबर छापतात. ऑनलाइन खरेदी असेल तर साइटवरून कर-बिल पुन्हा उतरवून घेता येतं, त्यावर नंबर आहे का ते बघायचं. बिल हरवलं असेल तर दुकानात जाऊन मोबाइल नंबरवरून जुनी नोंद काढायला सांगायचं. पेटी कधी दुरुस्तीला दिली असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर नंबर हमखास असतो. घरातल्या कुणी विकत घेतल्या दिवशी खोक्याचे फोटो काढले असतील, तर ते मोठे करून बघायचे. किती तरी जणांचा नंबर असाच, खोक्यासोबत काढलेल्या सेल्फीत सापडतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे मॉडेल नंबरलाच सिरीयल नंबर समजणं. CFI ने सुरू होणारा जो क्रमांक असतो तो मॉडेलचा. त्या मॉडेलच्या सगळ्या पेट्यांवर तोच असतो. फिर्यादीत तो लिहिला आणि सिरीयल नंबर लिहिलाच नाही, तर पेटी आपली असल्याचं काहीच सिद्ध होत नाही. दुसरी चूक वाचण्याची. इंग्रजी O आणि शून्य, I आणि एक यांची अदलाबदल होते. चौकीत तोंडी सांगून टाइप करून घेतला तर ती होणारच. खोक्याचा स्पष्ट फोटो छापून फिर्यादीला जोडायचा आणि सही करण्याआधी एकेक अक्षर जुळवून बघायचं. तिसरी चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. वॉरंटीत दिलेली पेटी काही वेळा दुरुस्त न होता बदलून मिळते. मग बिलावरचा आणि खोक्यावरचा नंबर जुन्या पेटीचा असतो आणि चोरीला गेलेल्या पेटीचा वेगळा. अशा वेळी जॉबशीटवरचा नंबर खरा.

नंबर कुठेच मिळाला नाही, तर घरचा वायफाय राउटर कामाला येऊ शकतो. नेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा स्वतःचा मॅक अॅड्रेस असतो आणि बरेच राउटर जोडलेल्या यंत्रांची यादी काही काळ ठेवतात. तिच्यात प्लेस्टेशनच्या नावापुढे हा पत्ता दिसतो. राउटर बंद करून चालू केला की यादी पुसली जाण्याची शक्यता असते. म्हणून त्याला हात लावण्याआधी फोनवरून त्याचं पान उघडून स्क्रीनशॉट घ्यायचा. सिरीयल नंबरइतका हा पत्ता ठळक नाही, तरी पेटी पुसली तरी तो बदलत नाही आणि सापडलेल्या पेटीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तपासता येतो.

आणि एक गैरसमज. संचार साथी पोर्टलवर चोरीचा मोबाइल बंद करता येतो, तसा कन्सोलही करता येईल, असं अनेकांना वाटतं. ते होत नाही. ती यंत्रणा आयएमईआय क्रमांकावर चालते. तो क्रमांक मोबाइल नेटवर्कला जोडणाऱ्या यंत्रांना असतो, कन्सोलला नसतो.

चौकीत

पोलीस ठाण्यात गेल्यावर सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘चोरी’. ठाणे अंमलदार कधी कधी ‘गहाळ’ अशी नोंद करून दाखला देतात, किंवा ऑनलाइन हरवल्याची तक्रार टाकायला सांगतात. हरवलेल्या सिमकार्डासाठी किंवा ओळखपत्रासाठी ते ठीक आहे. घराचा कोयंडा तोडून नेलेल्या पेटीसाठी ते चालत नाही. गहाळ दाखल्यावरून तपास होत नाही, पंचनामा होत नाही आणि विमा कंपनीही तो मानत नाही. आपल्याला हवा आहे तो एफआयआर, म्हणजे प्रथम खबर.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला कलम ३०३ आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ लागतं. ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुलूप किंवा कोयंडा तोडून आत शिरलं असेल तर घरफोडीचं कलमही जोडलं जातं. फिर्याद कशी लिहिली जाते यावर ही कलमं अवलंबून असतात. म्हणून ‘कन्सोल चोरीला गेला’ एवढंच सांगून थांबू नये. दार कोणत्या स्थितीत होतं, शेवटचं कुणी कधी बंद केलं, परत कधी आलो, हे क्रमाने सांगायचं.

कलमं पाठ करायची गरज नाही, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधल्या तीन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. रेल्वेच्या डब्यात वरच्या बर्थवर ठेवलेली पिशवी गेली आणि कळलं ते तीन स्टेशनं पुढे, अशा वेळी हे उपयोगी पडतं. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि फिर्यादीची प्रत मोफत मिळाली पाहिजे. ठाण्याने नोंद करायला नकारच दिला, तर तीच हकीकत लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवता येते.

चोरीला गेलेल्या मालाची यादी करताना कन्सोल एका ओळीत उरकायचा नाही. पेटीचा सिरीयल नंबर, रंग, डिस्क ड्राइव्ह आहे की नाही, पेटीवरचे ओरखडे किंवा चिकटवलेले स्टिकर. प्रत्येक कंट्रोलर वेगळा, रंगासह. डिस्क नावांसह, आणि एखादी पेटीच्या आतच राहिली असेल तर तेही. वॉलेटमधून गेलेली रक्कम, वेळेसह. शेवटी खात्याचा ऑनलाइन आयडी. हा आयडी आणि सिरीयल नंबर फिर्यादीत असले, तर तपास अधिकारी कंपनीकडे अधिकृत पत्र पाठवून पेटी कुठल्या जोडणीवरून नेटला आली होती, याची माहिती मागू शकतो. ही माहिती कंपनी आपल्याला देत नाही. कितीही ईमेल पाठवले तरी ‘पोलिसांमार्फत या’ असंच उत्तर येतं आणि त्यात त्यांची चूक नाही. कोणत्याही ग्राहकाने फोन करून दुसऱ्याचा पत्ता मागितला तर तो द्यायचा नसतो.

इथे हातचं राखून अपेक्षा ठेवावी. एका पेटीसाठी परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार करायला प्रत्येक ठाण्याला सवड असतेच असं नाही. पेट्या बहुतेक वेळा सापडतात त्या अशा शोधातून नव्हे, तर दुसऱ्याच घरफोडीत पकडलेल्या आरोपीच्या मुद्देमालातून.

जाहिरात दिसली तर

चोरीची पेटी जुन्या वस्तूंच्या साइटवर, समाजमाध्यमांच्या बाजारात किंवा गेमच्या छोट्या दुकानात विकायला येते. दोन-तीन आठवडे तिथे लक्ष ठेवायला हरकत नाही. बिल नसलेली, खोकं नसलेली, फोटोत मागची बाजू लपवलेली, निम्म्या किमतीतली पेटी दिसली आणि कंट्रोलरवरचा ओरखडा ओळखीचा वाटला, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, दुवा जपून ठेवायचा. विकत घेणारा माणूस जसं विचारेल तसं, ‘सिरीयल नंबरचा फोटो पाठवा’ एवढंच विचारायचं. नंबर जुळला तर पुढचं काम तपास अधिकाऱ्याचं. स्वतः मित्रांना घेऊन भेटायला जाणं, धमकावणं, पैसे देऊन पेटी सोडवून आणणं, यातलं काहीही करू नये. समोरचा स्वतः चोर असेल किंवा चोराने फसवलेला विद्यार्थी असेल, हे आपल्याला कळत नाही. आणि आपण पेटी परस्पर घेऊन आलो, तर खटल्यातला पुरावाच नाहीसा होतो.

हीच बाजू जुना कन्सोल विकत घेणाऱ्यानेही बघावी. चोरीचा माल माहीत असून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल मागावं, पडद्यावरचा नंबर बिलाशी जुळवावा. आधीच्या मालकाचं नाव अजून आत दिसत असेल आणि विकणाऱ्याला त्याचा पासवर्ड माहीत नसेल, तर हात आखडता घ्यावा.

पेटी परत, किंवा विम्याचे पैसे

धनकवडीच्या उदाहरणाचे दोन शेवट होऊ शकतात. पहिला असा. पाच महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरफोडीतला आरोपी पकडला जातो. त्याच्या खोलीत चार प्लेस्टेशन सापडतात, चारही पुसून कोरे केलेले. चौघांच्याही मालकांनी तक्रार केली आहे, पण नंबर एकाच फिर्यादीत आहे. पोलीस त्याला बोलावतात. सापडलेली पेटी लगेच हातात मिळत नाही, ती खटल्यातला मुद्देमाल असते. न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्तनाम्यावर मागावी लागते. त्यात पेटी विकणार नाही, बोलावल्यास हजर करीन, असं लिहून द्यावं लागतं. असा मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षं पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून तो लवकर मालकाला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख वकील करतातच. अर्जासोबत लागतं ते बिल आणि जुळणारा नंबर. उरलेल्या तिघांना आपला मालकी हक्क दाखवायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं आणि तेवढा वेळ पेट्या मुद्देमालाच्या खोलीत राहतात.

दुसरा शेवट असा की पेटी सापडतच नाही. तेव्हा तपास बंद करताना पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ अहवाल देतात. म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. घराचा विमा असेल तर एफआयआर आणि बिलाबरोबर हा अहवाल लागतो. म्हणून तो मिळेपर्यंत ठाण्याशी संपर्क ठेवायचा. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे, तिची आठवण नम्रपणे करून द्यायला हरकत नाही. विम्याची पॉलिसी मात्र नीट वाचावी. अनेक पॉलिसी जबरदस्तीने आत शिरल्याची खूण असेल तरच पैसे देतात. उघड्या दारातून उचललेल्या पेटीचे देत नाहीत. आणि मिळते ती रक्कमही वापराची घट वजा करून मिळते. पंचनाम्यात तोडलेल्या कोयंड्याचा उल्लेख असणं किती गरजेचं आहे, ते इथे कळतं. घरमालकाने नवा कोयंडा दुसऱ्याच दिवशी बसवला आणि पंचनामा राहून गेला, तर दावा तिथेच अडकतो.

ज्यांची पेटी अजून टीव्हीखाली आहे, त्यांच्यासाठी यातलं बरंचसं काम आजच होऊन जातं. सेटिंगमध्ये जाऊन सिरीयल नंबरचा फोटो काढायचा, मागच्या लेबलचा दुसरा आणि बिलाचा तिसरा. तिन्हींवरचा नंबर एकच आहे ना ते बघायचं. नसेल तर का नाही, याचा शोध आज लावणं सोपं आहे, चौकीतल्या बाकावर बसून नाही. हे फोटो स्वतःला आणि घरातल्या आणखी एकाला ईमेल करून टाकायचे, कारण चोर फोनही नेऊ शकतो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची, पेटीवरच्या आपल्या नावाला चार आकडी पासकोड ठेवायचा आणि खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करायची. एवढं झालेलं असेल तर चोराच्या हाती लागते ती फक्त पेटी, आणि तिच्या मागे लागायला पोलिसांच्या हाती नंबर असतो.